लाखाला सतरा, कोटीला चोवीस

अकरावी-बारावीला सायन्स घेतलेल्या कुणालाही लॉग टेबल सांगावं लागत नाही. प्रॅक्टिकलच्या तासाला ते पिवळट पानांचं पुस्तक हातात घेण्याआधी एक काम करायचं असे. संख्येत दशांशचिन्हाच्या डावीकडे किती अंक आहेत ते मोजायचं आणि त्यातून एक वजा करायचा. आलेली संख्या म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक. ४७२५ मध्ये अंक चार, म्हणून कॅरॅक्टरिस्टिक तीन. मग टेबल उघडून मँटिसा शोधायचा, तो मिळे ०.६७४४. दोन्ही जोडून उत्तर ३.६७४४. त्यातला पूर्णांक आपण स्वतः लिहिला आणि अपूर्णांक टेबलानं दिला, याकडे त्या वेळी फारसं कुणाचं लक्ष जात नसे.

तो नियम उलट्या बाजूनं वाचला की या पुस्तिकेचा विषय समोर येतो. अंक मोजून एक वजा केल्यावर जर लॉगचा पूर्णांक मिळत असेल, तर लॉगच्या पूर्णांकात एक मिळवल्यावर अंकांची संख्या मिळाली पाहिजे. दहाच्या पायावर हे खरं आहे आणि दोनच्या पायावरही तितकंच खरं आहे. एखादी धन पूर्ण संख्या n द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहायची, तर किती अंक लागतील? उत्तर:

⌊log₂ n⌋ + 1

तळाशी वळलेल्या त्या कंसांचा अर्थ एवढाच की आत जे येईल त्याचा अपूर्णांक सोडून द्यायचा आणि खालचा पूर्णांक घ्यायचा. याला फ्लोअर म्हणतात. द्विमान अंकाला आपण सगळेच बिट म्हणतो, तेव्हा इथून पुढं बिटच म्हणू.

सूत्र एका ओळीचं आहे आणि पाठ करायला सोपं आहे. माझ्या मते त्याची अडचणही तीच आहे. ते पाहिल्यावर वाटतं की बिट मोजायचे म्हणजे लॉग काढायचा, तो खाली कापायचा आणि एक मिळवायचा. सूत्र ही कृती आहे असं धरलं की चुका सुरू होतात, आणि त्या कुठं, कशा होतात ते पुढं येईलच. मुळात हे सूत्र एका ठिकाणाबद्दल बोलतं: दोनाच्या कोणत्या दोन लागोपाठच्या घातांमध्ये ही संख्या बसते? लॉग हा तो पत्ता लिहिण्याचा एक आटोपशीर मार्ग आहे. पत्ता शोधायला मात्र लॉगची गरज नसते.

एक लाख घ्या. १,००,००० ही संख्या दोनानं भागत जायचं आणि उरलेली बाकी दर वेळी टाकून द्यायची. ५०,०००, २५,०००, १२,५००, ६,२५०, ३,१२५. इथपर्यंत बाकी उरलीच नाही. पुढं १,५६२ (एक उरला, सोडला), ७८१, ३९०, १९५, ९७, ४८, २४, १२, ६, ३, १. एकावर पोचलो, थांबलो. भागाकार मोजले तर सोळा भरतात. आता लाख द्विमान पद्धतीत पाहा: ११००००११०१०१०००००. अंक सतरा.

सोळा आणि सतरा यांतला एकाचा फरक कुठून आला? दोनानं भागून बाकी टाकणं म्हणजे द्विमान पद्धतीत शेवटचा बिट पुसणं. दहानं भागून बाकी टाकली की शेवटचा अंक जातो, तसंच हे. सोळा वेळा पुसल्यावर हाती एक बिट उरला, आणि तो १ होता. पुसलेले सोळा आणि उरलेला एक मिळून सतरा. सूत्रातला + 1 हा तो उरलेला, सर्वांत डावीकडचा बिट आहे. आणि डावीकडचा पहिला बिट नेहमी १ असतो, कारण संख्येच्या सुरुवातीला शून्य लिहीत नाहीत आणि या पद्धतीत दुसरा अंकच नाही.

पुरावाही यातच आहे. k बिटांची सर्वांत लहान संख्या कोणती? आधी १ आणि पुढं सगळी शून्यं, म्हणजे २ चा (k−१) वा घात. सर्वांत मोठी कोणती? सगळे एक, म्हणजे २ च्या k व्या घाताहून एकानं कमी. म्हणून k बिटांची प्रत्येक संख्या २ च्या (k−१) व्या घातापासून सुरू होते आणि k व्या घाताच्या आधी संपते. दोन्ही बाजूंचा दोनच्या पायावरचा लॉग घेतला की k−१ ≤ log₂ n < k. डावीकडं बरोबरी चालते, उजवीकडं चालत नाही. अशा आकड्याचा फ्लोअर घेतला की k−१ मिळतो. लाख ही संख्या ६५,५३६ आणि १,३१,०७२ या दोन घातांच्या मध्ये आहे आणि तिचा दोनच्या पायावरचा लॉग सुमारे १६.६१, म्हणून लाखाला सतरा बिट. कोटीचा सुमारे २३.२५, म्हणून कोटीला चोवीस बिट.

त्या दोन चिन्हांमधला फरक, एकीकडं ≤ आणि दुसरीकडं <, जितका किरकोळ दिसतो तितका तो नाही. बऱ्याच जणांना फ्लोअर आणि एक मिळवणं हे लांबण वाटतं. १६.६१ वरच्या बाजूला नेला तरी १७ येतात, मग सरळ वरचा पूर्णांक का घेऊ नये? वरच्या पूर्णांकाला सीलिंग म्हणतात. लाखाला ते चालतं, कोटीला चालतं, तुम्ही सहज म्हणून घ्याल त्या जवळजवळ कुठल्याही संख्येला चालतं. ६५,५३६ ला चालत नाही. हा २ चा बरोबर सोळावा घात, लॉग नेमका १६, त्यामुळं सीलिंगही १६. पण एकावर सोळा शून्यं लिहिली की बिट सतरा होतात. चूक फक्त दोनाच्या घातांवर पडते आणि एक ते एक कोटी या संख्यांमध्ये असे घात चोवीसच आहेत. प्रोग्राम तपासताना कोटीभर संख्यांतून हजार संख्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर त्यात यांपैकी एकही न येण्याचीच शक्यता दांडगी. तपासणी पार पडते आणि चूक आत राहते. म्हणून असं काही तपासताना संख्या अशा निवडाव्यात: दोनाचा घात, त्याच्या एक अलीकडची आणि एक पलीकडची. ६५,५३५, ६५,५३६ आणि ६५,५३७ या तिघांची उत्तरं १६, १७, १७ यायला हवीत.

सीलिंगला मात्र टाकाऊ म्हणू नये. ते एका वेगळ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे. n वस्तूंना वेगवेगळे क्रमांक द्यायचे असतील तर प्रत्येक क्रमांकाला किती बिट राखून ठेवायचे, हा तो प्रश्न. क्रमांक शून्यापासून द्यायचे म्हटलं की शेवटचा क्रमांक n−१ असतो, n नव्हे. एक्सेलच्या जुन्या .xls फाइलमध्ये एका शीटला ६५,५३६ ओळी असत. शून्यापासून मोजलं तर शेवटच्या ओळीचा क्रमांक ६५,५३५ होतो आणि तो सोळा बिटांत चपखल बसतो. पडद्यावर मात्र ओळी एकपासून मोजलेल्या दिसतात आणि शेवटच्या ओळीवर ६५५३६ लिहिलेलं असतं, ज्याला स्वतःला सतरा बिट लागतात. "किती वस्तू" आणि "सर्वांत मोठी संख्या कोणती" हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की फ्लोअर आणि सीलिंग यांची अदलाबदल होते. कुठलं वापरायचं ते पाठ करण्यापेक्षा आपण नेमकं काय विचारतो आहोत ते एकदा स्पष्ट मराठीत लिहून पाहावं. मी तसंच करतो.

शून्याबद्दल थोडक्यात. शून्याचा लॉग नसतो, म्हणून सूत्र शून्याला लागूच होत नाही. कागदावर शून्य लिहायला एक अंक लागतो, पण पायथॉनमध्ये (0).bit_length() विचारलं तर उत्तर 0 येतं. दोन्ही संकेत आपापल्या जागी ठीक आहेत. कोणता धरला आहे ते ठरवून घ्यावं म्हणजे झालं.

संख्या निम्मी-निम्मी करत जाण्याची ही मोजणी आपल्याकडं फार जुनी आहे. षट्खंडागम या जैन ग्रंथावर आचार्य वीरसेनांनी लिहिलेली धवला ही टीका नवव्या शतकाच्या सुरुवातीची. तीत अर्धच्छेद येतो: संख्या किती वेळा निम्मी करता येते त्याची मोजणी. तिथंच तीननं भागण्याचा त्रिकच्छेद आहे, चारनं भागण्याचा चतुर्थच्छेद आहे आणि अर्धच्छेदाचा पुन्हा अर्धच्छेद काढण्याची वर्गशलाकाही आहे. लोकरचनेच्या वर्णनात येणाऱ्या प्रचंड संख्या हाताळायला वीरसेनांना ही साधनं लागत. या ग्रंथाची छापील आवृत्ती डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून निघू लागली, ती आपल्या अमरावतीहून. तीतल्या गणितावर लखनौचे अवधेश नारायण सिंह यांनी त्याच मालिकेत लिहिलं आणि अर्धच्छेद म्हणजे दोनच्या पायावरचा लॉग ही ओळख तिथून पसरली.

ही ओळख दोनाच्या घातांपुरती पक्की आहे. ३२ निम्मे करत गेलं की पाचव्या वेळी १ येतो, आणि ३२ चा लॉगही ५. पण लाखाचं काय? वर आपण लाख निम्मा करत गेलो तेव्हा पाच पायऱ्यांनंतर ३,१२५ आले. ही विषम संख्या. बाकी न टाकता पुढं जाता येत नाही. "किती वेळा निम्मी होते" याचा काटेकोर अर्थ धरला तर उत्तर ५, आणि बाकी टाकत एकापर्यंत गेलं तर १६. पहिली मोजणी द्विमान संख्येच्या उजवीकडच्या शेवटी किती शून्यं आहेत ते सांगते (लाखाच्या शेवटी पाच आहेत, वर पाहा). दुसरी संख्येची लांबी सांगते. दोन्ही उपयोगी, पण एक दुसरीच्या जागी चालत नाही. आपल्या पूर्वजांना लॉगरिदम माहीत होता, असं भाषणात ठोकून देणाऱ्यांनी निदान लाखावर तरी थांबून पाहावं. धवलेत जे आहे ते पुरेसं देखणं आहे, त्यावर मुलामा चढवायची गरज नाही.

धवलेत असलेला एक नियम इथं उपयोगी पडतो: गुणाकाराचा अर्धच्छेद म्हणजे दोन अर्धच्छेदांची बेरीज. दोनाच्या घातांना तो तंतोतंत लागू होतो. बिटांच्या लांबीला तो लावायला गेलं तर थोडी गडबड होते आणि ती गडबड समजून घेण्यासारखी आहे, कारण मोठ्या संख्यांचा गुणाकार करणाऱ्या प्रोग्रामला उत्तरासाठी आधीच जागा काढून ठेवावी लागते. लाख गुणिले लाख म्हणजे एकावर दहा शून्यं. लाखाला सतरा बिट, गुणाकाराला चौतीस. सतरा अधिक सतरा, हिशेब जुळला. आता लाख गुणिले कोटी. सतरा अधिक चोवीस एकेचाळीस, पण त्या गुणाकाराला बिट लागतात चाळीस. एक कुठं गेला?

तो लॉगच्या अपूर्णांकात गेला, ज्याला आपण फ्लोअर घेताना टाकून दिलं होतं. लाखाचा लॉग १६.६१. स्वतःशी मिळवला की दोन अपूर्णांकांची बेरीज १.२२ होते, म्हणजे एक हातचा येतो. पूर्णांकांची बेरीज ३२, हातचा धरून ३३, आणि सूत्रातला एक मिळवून ३४. लाख आणि कोटीच्या वेळी ०.६१ आणि ०.२५ मिळून ०.८६ होतात, हातचा येत नाही. १६ अधिक २३ म्हणजे ३९, त्यात एक मिळवला की ४०. म्हणून नियम असा: दोन संख्यांच्या गुणाकाराचे बिट त्यांच्या बिटांच्या बेरजेइतके असतात किंवा त्याहून एकानं कमी, तिसरी शक्यता नाही. जागा काढणारा प्रोग्राम बेरजेइतकी जागा घेतो आणि कधीकधी एक बिट रिकामा राहतो. तो रिकामा राहणार की नाही हे आधी कळायला त्या टाकलेल्या मँटिशांची बेरीज पाहावी लागते. लॉग टेबलवर हातचे घेत गुणाकार केलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही.

आता ज्या चुकीचा उल्लेख मघाशी केला तिच्याकडं येऊ. सूत्र कृती म्हणून जसंच्या तसं पायथॉनमध्ये लिहिलं तर असं होतं:

```python
>>> import math
>>> n = 2**49 - 1
>>> math.floor(math.log2(n)) + 1
50
>>> n.bit_length()
49
```

२ च्या ४९व्या घाताहून एकानं कमी, म्हणजे सगळे एक असलेली एकोणपन्नास बिटांची संख्या: ५६२९४९९५३४२१३११. सूत्र म्हणतं पन्नास. सूत्र चुकलं का? नाही. या संख्येचा खरा लॉग ४९ हून किंचित कमी आहे, त्याचा फ्लोअर ४८ आणि अधिक एक म्हणजे ४९. बरोबर. चुकलं ते संगणकानं लॉग साठवताना.

संगणक अपूर्णांक असलेली संख्या सहसा ६४ बिटांच्या डबल या रचनेत ठेवतो आणि तीत ५३ बिटांइतकीच अचूकता असते. ३२ ते ६४ या टापूत दोन शेजारच्या डबल संख्यांमधलं अंतर २ चा उणे ४७वा घात असतं, म्हणजे साधारण ७.१ भागिले एकावर पंधरा शून्यं. त्याहून बारीक फरक या टापूत लिहिताच येत नाही. आपल्या संख्येचा लॉग ४९ पासून किती खाली आहे? साधारण २.५६ भागिले तेवढेच. त्याच्या एका बाजूला ४९ आहे, २.५६ अंतरावर. दुसऱ्या बाजूला ४९ च्या खालची पहिली डबल आहे, ती साधारण ४.५४ अंतरावर. जवळची घ्यायची हा नियम, म्हणून उत्तर सरळ ४९.० असं साठवलं जातं. मग फ्लोअरला कापायला काही उरतच नाही.

एक घात अलीकडं, ४८ बिटांच्या सर्वांत मोठ्या संख्येला हे होत नाही. तिचा लॉग ४८ पासून ५.१२ इतका खाली असतो आणि तो खालच्या डबलला जास्त जवळ पडतो. म्हणजे या पद्धतीची पहिली चूक बरोबर एकोणपन्नासाव्या पायरीवर येते, तिथंही फक्त एका संख्येत. वर जाऊ तसं ते वाढत जातं: २ च्या ५३व्या घाताच्या लगेच खालच्या बावीस संख्यांना एक बिट जास्त मिळतो. ६४ बिटांच्या सर्वांत मोठ्या संख्येच्या बाबतीत तर लॉगपर्यंत जावंच लागत नाही. ती डबलमध्ये बदलतानाच वर ढकलली जाऊन २ चा ६४वा घात होते आणि तिचे बिट पासष्ट निघतात.

दहाच्या पायावर हाच दोष याहून लवकर आणि उलट दिशेनं दिसतो. पायथॉनमध्ये math.log(1000, 10) विचारलं तर उत्तर 2.9999999999999996 येतं. आत दोन लॉग काढून त्यांचा भागाकार केला जातो आणि दोन्हींची बारीकशी घट-वाढ उत्तरात उतरते. फ्लोअर घेऊन एक मिळवा, हजाराचे अंक तीन निघतील. इथं math.log10 वापरलं तर नेमकं 3.0 मिळतं. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. फ्लोअर हे असं साधन आहे की जे पूर्णांकाच्या काठावर उभं असेल त्याच्या केसाएवढ्या चुकीची ते पूर्ण एकाची चूक करतं. बाकी ठिकाणी अंदाजे लॉग कितीही चालत असला तरी काठावर तो चालत नाही, आणि बिट मोजताना काठच महत्त्वाचे असतात.

उत्तर खरं की खोटं हे ओळखायला लॉग लागत नाही. k उत्तर आलं असेल तर २ चा (k−१) वा घात n हून मोठा नाही ना, आणि २ चा k वा घात n हून मोठा आहे ना, एवढं पूर्णांकांतच तपासायचं. लॉगनं अंदाज काढून ही तपासणी केली आणि चुकल्यास एकानं मागंपुढं सरकलं तर तेही चालतं. पण एवढं करायचं तर लॉगच्या वाटेला जायचंच कशाला?

पूर्णांकांतच राहून बिट मोजायची जुनी आणि झटपट रीत आहे. कोटीवर करून पाहू. संख्या ३२ बिटांच्या आत आहे असं धरा. पहिला प्रश्न: ती ६५,५३६ किंवा त्याहून मोठी आहे का? आहे. मग उजवीकडचे सोळा बिट पुसा, उरले १५२, आणि हिशेबात १६ धरा. दुसरा प्रश्न: उरलेली संख्या २५६ किंवा जास्त आहे का? नाही, काही करू नका. तिसरा: १६ किंवा जास्त? आहे. चार बिट पुसा, उरले ९, हिशेबात ४ मिळवा. चौथा: ४ किंवा जास्त? आहे. दोन बिट पुसा, उरले २, हिशेबात २ मिळवा. पाचवा: २ किंवा जास्त? आहे. एक पुसा, उरला १, हिशेबात १ मिळवा. १६ अधिक ४ अधिक २ अधिक १, तेवीस. शेवटी उरलेला एक बिट धरून चोवीस.

एकेक बिट पुसत गेलो असतो तर तेवीस पायऱ्या लागल्या असत्या, इथं पाच प्रश्नांत भागलं. आणि उत्तरांचा क्रम पाहा: हो, नाही, हो, हो, हो. हो म्हणजे १ आणि नाही म्हणजे ० लिहिलं की १०१११, आणि द्विमान पद्धतीत हेच तेवीस. म्हणजे लॉगचा फ्लोअर आपण डावीकडून एकेक बिट करत लिहीत होतो. ३२ बिटांना पाच प्रश्न, ६४ बिटांना सहा. ३२ निम्मे करत एकावर यायला पाच पायऱ्या लागतात म्हणून पाच. २ च्या ३२व्या घाताचा अर्धच्छेद ३२ आणि त्या ३२ चा अर्धच्छेद ५. धवलेच्या भाषेत प्रश्नांची ही संख्या म्हणजे त्या घाताची वर्गशलाका.

प्रोसेसरला हेही करावं लागत नाही, त्याच्यात हे काम एका सूचनेत होतं. १९८५ मध्ये आलेल्या इंटेलच्या ८०३८६ मध्ये BSR नावाची सूचना होती. ती सर्वांत डावीकडचा १ कितव्या जागी आहे ते सांगते आणि जागा उजवीकडून शून्यापासून मोजते. म्हणजे सरळ ⌊log₂ n⌋. लाखाला ती १६ देते. शून्य दिलं तर तिचं उत्तर ठरलेलं नाही, लॉगसारखंच. पुढं LZCNT ही सूचना आली. ती उलट बाजूनं, डावीकडं किती रिकामी शून्यं आहेत ते मोजते. ३२ बिटांच्या चौकटीत लाखाच्या आधी पंधरा शून्यं असतात, म्हणून बिट ३२ वजा १५, सतरा. शून्याला ती ३२ देते, त्यामुळं वजाबाकीनं ० बिट मिळतात आणि शून्याचा प्रश्नही सुटतो.

यात एक खोच आहे, आणि ती सूत्रात नसून प्रोसेसरच्या इतिहासात आहे. LZCNT ची नवी सूचना बनवताना जुन्या BSR च्या आधी एक बाइट जोडली गेली. जी बाइट जोडली तिला जुने प्रोसेसर या जागी किंमतच देत नाहीत. त्यामुळं नव्या सूचनेसाठी तयार केलेला प्रोग्राम जुन्या यंत्रावर चालवला तर तो बंद पडत नाही, तक्रार करत नाही, मुकाट्यानं BSR चालवतो. प्रोग्रामची समजूत अशी की डावीकडची शून्यं मिळाली, हाती आलेली असते जागा. लाख दिला तर १५ ऐवजी १६ येतात, ३२ मधून वजा केल्यावर १६ बिट. खरं उत्तर सतरा. एकाच बिटाची तफावत, म्हणून कुणीही आधी सूत्रातला + 1 सुटला असेल असं समजून तिथंच शोधत बसणार. त्यानं तो एक मिळवला तर लाखाचं उत्तर दुरुस्तही होतं, पण कोटीला १० बिट निघतात.

हा दोष पकडायला सर्वांत लहान संख्या द्यावी. १ च्या आधी ३१ शून्यं असतात, म्हणून LZCNT खरोखर चालत असेल तर ३१ मिळतात आणि बिट एक निघतो. जुन्या यंत्रावर त्या १ ची जागा म्हणजे ० मिळतो आणि ३२ वजा ० करून प्रोग्राम सांगतो की एक लिहायला बत्तीस बिट लागतात.